भाड्याने घ्या, पुढे विकत घ्या: ठरलेली किंमत आणि वळतं भाडं यांचा हिशेब कसा ठेवायचा

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, आर्वी तालुक्यातल्या एका गावात. रस्त्याला लागून दोन खोल्या आणि पुढे दुकानाचा गाळा, असं घर मी 2022 मध्ये तीन वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतलं. मुदतीत वाटलं तर ठरलेल्या किमतीला ते विकत घेण्याचा हक्क करारातच लिहून घेतला होता. 2025 च्या मार्चमध्ये खरेदीखत झालं. मधल्या काळात दोन गोष्टी मला कोणी आधी सांगितल्या असत्या तर माझे बरेच पैसे वाचले असते. म्हणून हे लिहितो आहे. एकदम पैसे नाहीत, पण धंदा चालतो आणि जागा हातची जाऊ नये असं वाटतं, अशा प्रत्येकासाठी हे आहे.

आधी एक खुलासा. हा मार्ग घरासाठी, गाळ्यासाठी किंवा अकृषक झालेल्या प्लॉटवरच्या बांधकामासाठी आहे. शेतीसाठी हा वापरू नका. विदर्भात शेतजमिनीला 1958 चा वेगळा कूळकायदा लागू आहे. शेत भाड्याने दिलं की कूळहक्काचा प्रश्न उभा राहतो, आणि जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेत घेता येत नाही.

1. सौदा नेमका कशाचा आहे ते समजून घ्या

इसार दिला की आपण घ्यायला बांधले जातो आणि मालक द्यायला. इथे तसं नाही. पर्यायाच्या करारात मालक एकटाच बांधलेला असतो. ठरलेल्या मुदतीत तुम्ही "घेतो" म्हणालात तर त्याला त्याच किमतीला द्यावंच लागतं. तुम्ही "नाही घेत" म्हणालात तर तो तुम्हाला जबरदस्ती करू शकत नाही. ही मोकळीक फुकट मिळत नाही. तिच्यासाठी सुरुवातीला एक रक्कम द्यावी लागते, तिला पर्याय शुल्क म्हणूया. घर घेतलं तर ती किमतीतून वजा होते. नाही घेतलं तर ती मालकाकडेच राहते.

अनामत वेगळी आणि पर्याय शुल्क वेगळं, हे दोघांनाही नीट माहीत हवं. अनामत घर सोडताना परत मिळते, पर्याय शुल्क परत मिळत नाही. करारात दोन्हींसाठी दोन वेगळी कलमं आणि दोन वेगळे आकडे लिहा. "रु. 60,000 अनामत व इतर" असं एकत्र लिहिलेलं मी पाहिलं आहे. त्यावरून नंतर भांडण होणारच.

2. आकडे मांडा: माझा हिशेब जसाच्या तसा

आमचा सौदा असा होता. ठरलेली किंमत 9,00,000. पर्याय शुल्क 45,000. भाडं महिन्याला 6,000, त्यातले 2,000 किमतीत वळते, म्हणजे घर घेतलं तर ते किमतीतून वजा व्हायचे. मुदत 36 महिने.

कागदावर हिशेब सोपा होता. 36 महिन्यांचे 2,000 प्रमाणे 72,000 होतात. त्यात पर्याय शुल्काचे 45,000 मिळवले की 1,17,000. ते 9,00,000 मधून वजा केले की शेवटी द्यायचे उरतात 7,83,000.

आता हा हिशेब उलट्या बाजूने बघा. तसं गावात सहसा कोणी बघत नाही. आमच्या रस्त्यावर तशाच घराचं भाडं तेव्हा 4,000 होतं. म्हणजे दर महिन्याला मी 2,000 जास्त देत होतो आणि तेच 2,000 माझ्या नावे वळते होत होते. मालकाने पदरचं काहीच दिलं नव्हतं. ते माझेच पैसे होते, त्याच्याकडे बिनव्याजी साठत होते. मी शेवटी घर घेतलं नसतं तर 72,000 आणि 45,000 मिळून 1,17,000 गेले असते. म्हणून सही करण्याआधी स्वतःला हे विचारा: "नाही घेतलं तर किती जातील?" तो आकडा सोसणारा नसेल तर महिन्याची वळती रक्कम कमी करा आणि भाडंही तेवढंच कमी मागा. उरलेले पैसे आपल्याच बँक खात्यात साठवा.

दुसरी गोष्ट ठरलेल्या किमतीची. मालक त्या वेळी रोख 8,20,000 ला द्यायला तयार होते. तीन वर्षांनंतरची म्हणून 9,00,000 ठरली. हे 80,000 म्हणजे तीन वर्षं थांबण्याची किंमत. ती मला मान्य होती, कारण रस्ता रुंद होणार अशी चर्चा होती आणि भाव वाढण्याचीच शक्यता जास्त होती. तुमच्या गावात भाव तीन वर्षांत हलणार नसेल तर ही वाढ देऊ नका. काहीही झालं तरी किंमत आकड्यात आणि अक्षरात लिहा. "त्या वेळच्या बाजारभावाने" असं लिहिलेला पर्याय म्हणजे पर्यायच नाही. भाव कोण ठरवणार हा वाद शेवटच्या दिवशी उभा राहतो.

3. वळत्या भाड्याचं कलम शब्दाशब्दाने लिहा

माझे पैसे इथेच गेले. आमच्या करारात एक ओळ होती: "भाडे दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत न दिल्यास त्या महिन्याची वळती रक्कम मिळणार नाही." सही करताना ती मला साधी वाटली.

पण माझा धंदा हंगामी आहे. कार्तिकापासून रब्बीचं ओलित सुरू होतं, विहिरीवरच्या मोटारी रात्रंदिवस चालतात, जळतात, आणि फाल्गुनापर्यंत मला जेवायला वेळ नसतो. पावसाळा लागला की दुकानात शुकशुकाट. 2022 आणि 2023 या दोन्ही वर्षी जुलै आणि ऑगस्टचं भाडं 15 ते 20 तारखेला गेलं. मालक काही बोलले नाहीत. पैसे घेतले, पावती दिली. मला वाटलं, चाललं. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला हिशेबाला बसलो तेव्हा त्यांच्या मुलाने करार काढून ती ओळ दाखवली. चार महिने, 8,000 रुपये. करार त्यांच्या बाजूने होता, मला मान खाली घालावी लागली.

म्हणून तुमची कमाई ज्या हंगामात येते त्या हंगामाप्रमाणे तारखा मागा. कापूस-सोयाबीनच्या पैशावर ज्यांचा धंदा चालतो त्यांनी तर हे नक्की करावं. तिसऱ्या वर्षी मी पावसाळ्याआधीच जून ते ऑगस्टचं भाडं आगाऊ भरलं आणि पावतीवर तसं लिहून घेतलं. कलमात या चार गोष्टी स्पष्ट हव्यात:

- भाड्यापैकी किती रुपये वळते, हे टक्क्यात न लिहिता रुपयांत.
- उशीर झाला तर काय. निदान 30 दिवसांची सवलत मागा, आणि उशिरा भाडं स्वीकारलं तर वळती रक्कमही मिळेल असं लिहा.
- मुदतीआधी घेतलं तर तोपर्यंतचे जेवढे महिने भरले तेवढ्यांची रक्कम वळती होईल.
- दर वर्षी मार्चअखेर दोघांच्या सहीचा एक कागद: आजवर इतके महिने, इतके रुपये वळते झाले.

हा शेवटचा कागद मी दुसऱ्या वर्षानंतर सुरू केला. पहिल्याच वर्षी केला असता तर ती ओळ तेव्हाच डोळ्यांसमोर आली असती आणि पुढचे दोन महिने वाचले असते.

भाडं बँकेतून किंवा यूपीआयने द्या, शेऱ्यात महिन्याचं नाव लिहा. पर्याय शुल्क तर रोख देऊच नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्यापेक्षा जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे, आणि दंड घेणाऱ्यावर बसतो. हे मालकाला आधीच सांगा. "रोखीत द्या जी, काय फरक पडते" असं म्हणणारा मालकही मग चेक घेतो.

4. मालकी तपासा

ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवला म्हणजे मालकी सिद्ध झाली असं समजू नका. तो घरपट्टीचा उतारा आहे. गावठाणातलं घर असेल तर आखीव पत्रिका किंवा ड्रोन मोजणीनंतर मिळालेली सनद मागा. ले-आऊटमधलं असेल तर अकृषक आदेश, मंजूर नकाशा आणि मालकाचं स्वतःचं खरेदीखत मागा.

खरेदीखताची मूळ प्रत हातात घेऊन बघा. मालक झेरॉक्सच दाखवत असेल तर मूळ कागद बहुतेक बँकेत किंवा पतसंस्थेत गहाण आहे. गहाण असलं म्हणजे सौदा बाद असं नाही. पण कर्ज किती आहे, ते तुमच्या शेवटच्या रकमेतून थेट कसं फिटेल आणि मधल्या काळात मालक नवं कर्ज काढणार नाही, हे करारात यायला हवं.

घर वडिलोपार्जित असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या घ्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्याही. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. "बहिणी काही म्हणत नाहीत" हे आज खरं असेलही, पण तुमचा पर्याय तीन वर्षांनी वापरला जाणार आहे.

वकिलाकडून निदान 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट काढा. बँक पुढे तोच मागते, म्हणजे खर्च वाया जात नाही.

5. बँकेकडे आत्ताच जा, तीन वर्षांनी नको

पर्याय वापरताना बहुतेक लोक कर्जावर अडतात. गावठाणातल्या नुसत्या नमुना 8 वाल्या घरावर बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत. सही करण्याआधीच कागदांच्या प्रती घेऊन शाखेत जा आणि विचारा: या कागदांवर गृहकर्ज होईल का?

मी विचारलं होतं, त्यामुळे कर्ज झालं. पण एक गोष्ट मला माहीत नव्हती. ठरलेली किंमत आणि बँकेचं मूल्यांकन यांत जे कमी असेल त्यावर कर्ज बसतं. 2025 मध्ये बँकेने घराचं मूल्यांकन 8,40,000 धरलं आणि त्याच्या 80 टक्के म्हणजे 6,72,000 मंजूर केले. मला द्यायचे होते 7,83,000 अधिक गमावलेले 8,000, म्हणजे 7,91,000. कमी पडले 1,19,000. शिवाय मुद्रांक आणि नोंदणी. बायकोच्या बांगड्या मोडल्या, उरलेले तिच्या बचत गटातून घेतले. हा खड्डा आधी दिसला असता तर तीन वर्षांत महिन्याला साडेतीन हजार बाजूला टाकता आले असते.

वळती झालेली रक्कम बँकेला तुमचा स्वतःचा हिस्सा म्हणून दाखवता येते, पण पासबुकात महिन्यामहिन्याने दिसली तरच. रोखीचे महिने बँक धरत नाही.

6. करार नोंदवाच: अकरा महिन्यांच्या कागदावर पर्याय टिकत नाही

आपल्याकडे अर्जनवीस सवयीने अकरा महिन्यांचा नोटरी केलेला भाडेकरार लिहून देतो. माझ्या शेजारच्या गावातल्या एका शिलाईवाल्या ताईंचा पर्याय अशाच कागदात होता. पहिल्या अकरा महिन्यांनंतर नवा कागद झाला, तोही छापील नमुन्यावर, आणि त्यात पर्यायाचं कलमच आलं नाही. दोन वर्षांनी त्या "घेते" म्हणाल्या तेव्हा मालक म्हणाला, "तो कागद तर केव्हाच संपला जी." त्यांचे वळते पैसेही त्याच कागदासोबत गेले.

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच असावा लागतो, आणि त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या लागतात. तीन वर्षांचा एकच भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवा आणि पर्याय त्यातच लिहा. नोंदणीचा मोठा फायदा असा की व्यवहार सूची क्रमांक 2 मध्ये, म्हणजे निबंधक कार्यालयातल्या नोंदलेल्या व्यवहारांच्या यादीत दिसतो. मालकाने मधेच घर तिसऱ्याला विकलं तर त्या घेणाऱ्याला "मला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही.

मुद्रांकाबाबत एक सापळा आहे, तो काळजीने समजून घ्या. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यावर मुद्रांक मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या फक्त 10 टक्के रकमेवर मोजला जातो. पण कागद वाचून तो ताब्यासह विक्रीचा करार वाटला, तर महाराष्ट्र मुद्रांक कायद्यानुसार तो खरेदीखतच धरला जातो आणि पूर्ण किमतीवरचा मुद्रांक तेव्हाच भरावा लागतो. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका भाडेकरूच्या प्रकरणात हेच सांगितलं: आधीपासून भाड्याने राहणाऱ्याने खरेदीचा करार केला तरी ताब्यामुळे पूर्ण मुद्रांक लागू शकतो. असा भरलेला मुद्रांक पुढे खरेदीखतात वळता होतो, पण तीन वर्षं आधी एवढे पैसे काढायचे कुठून?

म्हणून भाषा नेमकी ठेवा. "मालकाने विकण्याचे व भाडेकरूने घेण्याचे मान्य केले" असं लिहू नका. "भाडेकरूने मुदतीत लेखी कळवल्यास मालक ठरलेल्या किमतीस खरेदीखत करून देईल, कळवण्याचे बंधन भाडेकरूवर नाही" असं लिहा. ताबा भाडेकरू म्हणून आहे हेही लिहा. शंका असेल तर नोंदणीआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे मसुदा देऊन अभिनिर्णय मागा. किती मुद्रांक लागतो हे ते ठरवून देतात आणि पुढचा वाद टळतो. मी तसंच केलं. थोडे दिवस गेले, पण झोप लागली.

7. मुदत आणि सूचना

पर्यायाची मुदत काटेकोर असते. साध्या विक्रीच्या करारात चार दिवस इकडेतिकडे झाले तर न्यायालय सहसा सांभाळून घेतं, पर्यायात घेत नाही. आमचा भाडेपट्टा 31 मार्च 2025 ला संपत होता आणि सूचना 31 डिसेंबर 2024 पर्यंत द्यायची होती. मी नोव्हेंबरातच दिली.

सूचना लेखी द्या, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. सोबत प्रत्यक्ष देऊन दुसऱ्या प्रतीवर सहीही घ्या. तीत करार क्रमांक, तारीख, ठरलेली किंमत, आजवरचं पर्याय शुल्क आणि वळतं भाडं, उरलेली रक्कम, आणि पैसे तयार असल्याचं वाक्य घाला. मालकाची बुद्धी फिरली तर न्यायालयात तुम्हाला हेच सिद्ध करावं लागतं की तुम्ही पैसे द्यायला तयार होता. त्यामुळे कर्जमंजुरीचं पत्र हातात आलं की त्याचीही प्रत पाठवा. मालकाने नकार दिला तर दावा तीन वर्षांच्या आत लावायचा असतो. "बघू, समजावू" करत वर्षं घालवू नका.

मालक वयस्क असेल तर "हा करार वारसांवर बंधनकारक राहील" हे वाक्य करारात घ्या. शक्य असेल तर कर्त्या मुलाची साक्षीदार म्हणून सही घ्या. आमच्या मालकांच्या, म्हणजे काकाजींच्या, मुलाने सही केली होती. म्हणूनच त्याने ओळ दाखवून 8,000 कापले, पण विकण्याला कधी नाही म्हटलं नाही.

8. खरेदीखताच्या दिवशी

खरेदीखतात किंमत पूर्ण लिहा, उरलेली नाही. आमच्यात मोबदला 9,00,000 लिहिला आणि भरण्याचा तपशील खाली दिला: पर्याय शुल्क 45,000 चेकने, वळतं भाडं 64,000 (32 महिने, यादी जोडली), बँकेकडून 6,72,000, स्वतःकडून 1,19,000. अर्जनवीस आधी म्हणाला होता, "7,91,000 च लिहू, मुद्रांक वाचेल." तसं केलं असतं तर वळते पैसे दिल्याचा पुरावाच उरला नसता, आणि मुद्रांक तर सरकारी बाजारमूल्य किंवा मोबदला यांत जे जास्त असेल त्यावरच लागतो.

सोबत न्यायचे कागद: नोंदणीकृत भाडेपट्टा, मार्चअखेरचे हिशेबाचे कागद, पासबुकाची प्रत, सूचनेची पोचपावती, मालकाचं मूळ खरेदीखत, आखीव पत्रिका किंवा 7/12, चालू वर्षाची घरपट्टी पावती, दोघांचं आधार व पॅन, दोन साक्षीदार.

मुदतीत घरात केलेल्या कामाचा प्रश्नही याच वेळी येतो. मी गाळ्याला 28,000 चं शटर बसवलं होतं. त्याची परवानगी लेखी घेतली होती, पण ते किमतीत वळतं होईल असं लिहिलं नव्हतं, म्हणून झालं नाही. मोठं काम काढण्याआधी हे ठरवून घ्या.

खरेदीखत झालं की सूची क्रमांक 2 ची प्रत लगेच घ्या. ले-आऊटचा 7/12 असेल तर पटवाऱ्याकडे, आखीव पत्रिका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात फेरफार लावा. मग ग्रामपंचायतीत नमुना 8 वर नाव चढवा, आणि शेवटी महावितरणचं मीटर आपल्या नावावर करून घ्या. मीटरचं काम मी चार महिने लांबवलं, आणि तेवढे दिवस दुकानाचं बिल काकाजींच्याच नावे येत राहिलं.